पगार नाही, कमाई आहे!

‘माझे मासिक उत्पन्न सुमारे १ लाख २० हजार रुपये आहे.’ होमलोनच्या अर्जाला जोडायच्या पत्रातलं हे पहिलंच वाक्य. पत्र लिहिणारा पुण्यातला वेडिंग फोटोग्राफर, माझा मित्र. मागणी होती ४० लाखांची. बँकेत देण्याआधी पत्र माझ्याकडे आलं, म्हटलं चला, लाल पेन काढूया.

तर मंडळी, हे वाक्य खोटं नाही, पण खरंही नाही. गेल्या वर्षी त्याच्याकडे १४ लाख ४० हजार आले, त्याला बाराने भागलं की हा आकडा येतो. पण त्यातूनच असिस्टंटचे पैसे, लेन्सचं भाडं, अल्बमची छपाई आणि प्रवास गेला. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये निव्वळ उत्पन्न दिसतं ७ लाख ६० हजार. त्याआधीच्या दोन वर्षांत ५ लाख २० हजार आणि ५ लाख ८० हजार. बँकेचा माणूस रिटर्न उघडणारच! आकडा जुळला नाही की पुढच्या प्रत्येक वाक्याकडे तो संशयाने बघतो. म्हणून पत्रात तिन्ही वर्षांचे आकडे जसेच्या तसे लिहायचे आणि सरासरी सांगायची: वर्षाला ६ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला साधारण ५१,६०० रुपये.

आता मागणी तपासू. साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी ४० लाखांचा हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. कॅमेऱ्याच्या कर्जाचा ४,००० चा हप्ता आधीच चालू आहे. म्हणजे कमाईचा तीन चतुर्थांश हप्त्यातच गेला! बॉस, कितीही गोड लिहिलं तरी हे गणित बसत नाही. २२ लाखांचा हप्ता होतो १९,१०० च्या आसपास. जुना हप्ता धरूनही तो निम्म्याच्या आत राहतो. मोठा फ्लॅट हवाच असेल तर नोकरी करणाऱ्या बायकोला सहअर्जदार करायचं. मित्राने छोटा फ्लॅट निवडला.

दुसरं लाल वर्तुळ या वाक्याभोवती: ‘याशिवाय काही रक्कम रोख मिळते, ती रिटर्नमध्ये दाखवलेली नाही.’ प्रामाणिकपणा छान, पण हा तर कर चुकवल्याचा लेखी कबुलीजबाब! नुसतं वाक्य खोडूनही भागत नाही. रिटर्नमध्ये नसलेला पैसा बँक मोजत नाही. तो मोजला जायला हवा असेल तर आधी सीएकडे जायचं, अद्ययावत रिटर्न आणि जादा कर भरायचा आणि मग नवे आकडे पत्रात घालायचे.

तिसरी गोष्ट म्हणजे कमाईतले चढउतार. पत्रात होतं, ‘कामाच्या स्वरूपामुळे उत्पन्न कमीजास्त होते.’ यातून बँकेला काय कळणार? त्याऐवजी सरळ लिहायचं की तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, एप्रिल-मेमध्ये पुन्हा जोर येतो आणि चातुर्मासात लग्नं जवळपास नसतात. त्या महिन्यांत कंपन्यांची प्रॉडक्ट फोटोग्राफी चालते. बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट हेच दाखवतं. कंपन्यांनी कापलेला टीडीएस फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि लग्नांसाठी बिलं आणि करारपत्रं आहेत. मधल्या वर्षी कमाई घसरली कारण हात मोडून तो दोन महिने घरी होता. तिथे हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोडायचं. दडवलेली घसरण रिटर्नमध्ये दिसतेच, मग कारण आपणच का सांगू नये?

आगामी बुकिंगच्या ॲडव्हान्सला मात्र उत्पन्न म्हणायचं नाही. लग्न रद्द झालं तर तो परत द्यावा लागू शकतो. काम हातात आहे एवढाच तो पुरावा.

आता मांडणी. मूळ पत्र दोन पानांचं, त्यात अर्धं पान आईबाबांच्या स्वप्नातल्या घराबद्दल. ते गेलं! नवं पत्र एका पानाचं. आधी किती कर्ज, कशासाठी, किती वर्षांसाठी. मग तीन वर्षांची कमाई, सीझनचं कारण, घसरणीचं कारण. प्रत्येक विधानापुढे जोडपत्राचा क्रमांक, म्हणजे वाचणाऱ्याला फाइल उलटीपालटी करावी लागत नाही.

शेवटी बँकेच्या मनातला खरा प्रश्न: ऑगस्टमध्ये हप्ता कुठून येणार? आधी उत्तर होतं, ‘मी हप्ते वेळेवर भरीन याची खात्री बाळगावी.’ आता तिथे लिहिलंय, ‘सहा हप्त्यांइतकी, म्हणजे १ लाख १५ हजारांची मुदत ठेव मी वेगळी ठेवली आहे. पावती जोडपत्र ७.’

पत्राने कर्ज मिळतंच असं नाही. रिटर्न, क्रेडिट स्कोअर आणि त्या बँकेचे नियम यावरच निर्णय होतो. पण फाइल वाचणाऱ्याला जिथे शंका येणार, तिथेच कागद हजर असेल, तर निदान गैरसमजातून ‘नाही’ ऐकावं लागत नाही.