दोन्ही टोकांना पिना

भिवंडीत वीज गेली की दारात उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक गाडीवर घर चालवावे, हा विचार चुकीचा नाही. २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीसारख्या काही गाड्यांत तशी सोय आली आहे. चार्जिंगच्या तोंडाला अॅडॉप्टर लावला की २३० व्होल्टची, सुमारे सव्वातीन किलोवॉटपर्यंत वीज मिळते. फ्रिज, दोन पंखे आणि चार दिव्यांना दिवसाला पाच-सहा युनिट पुरतात. चाळीस युनिटांच्या बॅटरीत घराचे काही दिवस सहज निघतील. यंत्रमाग मात्र सहसा थ्री-फेजवर चालतो. गाडी सिंगल फेज देते, तिथे तिचा उपयोग नाही.

घोळ होतो तो छताच्या पंख्यापाशी. त्याला प्लग नसतो, ट्यूबलाइटलाही नसतो. मग जनरेटरसाठी काही जण करतात तीच युक्ती सुचते: दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये, दुसरे भिंतीच्या. अख्खे घर उजळते.

गाडी चार्ज करताना गन लावल्याबरोबर वीज वाहत नाही. आधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात, जोडणी नीट आहे अशी खात्री झाली की मगच आतला स्विच जोडला जातो. किती वीज ओढायची हेही गाडीच ठरवते. उलट दिशेला हा पहारेकरी भिंतीपाशी नसतो. भिंतीच्या सॉकेटला गाडीशी बोलता येत नाही, आणि किती ओढायचे ते उपकरणे ठरवतात. दोन किलोवॉटचा गीझर आणि दीड किलोवॉटची शेगडी एकदम लावली की गाडी पुरवठा तोडते. ते परवडले. पण त्या वायरचे एक टोक गाडीत असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात. त्या हातात धरूनच माणूस भिंतीपर्यंत चालतो.

मेन स्विच पाडायचा राहिला, तर वीज मीटरमधून उलटी रस्त्यावर जाते. पुष्कळदा शेजाऱ्यांचाच भार इतका असतो की गाडी लगेच बंद पडते. पण खांबापाशी फक्त तुमचीच वायर तुटली असेल, तर तिच्यावर भार तुमच्या घराचाच. ती वायर जिवंत राहते आणि जोडायला आलेला टोरंट या वीज कंपनीचा माणूस ती मेलेली समजतो. दुरुस्ती झाली आणि वीज परत आली, की तिची गाठ थेट गाडीच्या इन्व्हर्टरशी पडते. दोघांचा ताल जुळलेला नसतो. नुकसान बहुधा गाडीचे.

अॅडॉप्टरमधून जाड तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड घरात आणावा. फ्रिज आणि टेबलफॅन थेट त्यावर लावावेत. छताचे पंखेच हवे असतील, तर गाडीच्या पुस्तिकेत घराच्या वायरिंगला जोडण्याची मुभा आहे का ते आधी पाहावे. असेल तरच परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. एका बाजूला टोरंट, दुसऱ्या बाजूला गाडी, आणि दोन्ही एकदम कधीच नाहीत.