भाईजानचा झाडू कुठे आहे?

माझ्या सात वर्षांच्या भाचीसाठी मी आठवड्याचा तक्ता काढला. ड्रॉइंगशीटवर सात वारांचे सात रकाने, आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. वही म्हणजे होमवर्क, चेंडू म्हणजे खेळ, झाडू म्हणजे घरकाम. काम झालं की कार्ड तिनेच उलटं करायचं. तिला अजून घड्याळ नीट कळत नाही, पण अजान कळते. म्हणून वेळा अशा ठरवल्या : शाळा आणि अरबीच्या वर्गानंतर असरपर्यंत घरकाम, असर ते मगरिब खेळ, मगरिबनंतर होमवर्क.

तक्ता भिंतीवर लागला तशी तिने विचारलं, "मामू, भाईजान का झाडू किधर है?"

भाईजान नऊ वर्षांचा. त्याच्यासाठी तक्ता काढावा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तो तर खेळूनच येतो, असं आम्ही धरून चाललो होतो. मग त्याच शीटवर, तिच्या ओळीखाली त्याची ओळ आखली. दोघांना आठवड्याला सारखीच कार्डं : सात चेंडू, पाच वह्या, सात घरकामं. कामं दहा मिनिटांत उरकणारी, म्हणजे दस्तरखान अंथरणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, चपला रांगेत लावणं.

माझं मत असं की एका मुलाचा तक्ता घरात लावूच नये. एकटीचा तक्ता लावला की ती किती शहाणी, एवढंच दिसतं. दोघांचा शेजारी लावला की कोणाचा वेळ कोण वापरतंय ते दिसतं. पहिल्या आठवड्यात तिची सगळी कामं उलटली होती, पण चेंडू फक्त तीन. उरलेल्या चार दिवशी तिला 'जरा इकडे ये' म्हणून आत बोलावलं होतं. त्या हाकांचं कार्ड कुठेच नव्हतं.

बक्षिसाचे तारे मी लावले नाहीत. तारे लावले की मूल ताऱ्यासाठी कार्ड उलटतं, आणि न उलटलेलं कार्ड लपवायला शिकतं. मला तर तेच बघायचं होतं. बुधवारी दोघांच्याही वह्या राहत होत्या, कारण त्या दिवशी अरबीचा वर्ग उशिरा सुटतो आणि मगरिबनंतर डोळे मिटायला लागतात. बुधवारचं घरकाम काढून तिथे वही लावली. एक अडचण मात्र पुढे आहेच : आमच्याकडे मगरिब जुलैत सव्वासातच्या पुढे जाते, डिसेंबरात सहाच्या आसपास येते. तेव्हा खेळाचा वेळ कमी होईल आणि तक्ता पुन्हा आखावा लागेल.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी घरी पाहुणे होते. दस्तरखानाचं कार्ड भाच्याचं होतं. रात्री बघितलं तर कार्ड सुलटंच, दस्तरखान मात्र अंथरला गेला होता. आपाला विचारलं. ती म्हणाली, "मेहमानांसमोर मुलगा बरा दिसतो का?"

या शुक्रवारी ते कार्ड पुन्हा त्याच्याच ओळीत लावलंय. पाहुणे येणार आहेत.