पोलिसांपुढे ‘कबुली’ दिली म्हणजे झालं?

‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ अशी बातमी आली की कमेंटमध्ये लगेच फाशी सुनावली जाते. मित्रांनो, पोलिसांपुढची ती कबुली कोर्टात चालत नाही. उलट मरणाऱ्या माणसाने त्याच पोलिसाला सांगितलेलं चालतं. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ काय म्हणतो बघा:

| | पोलिसांपुढची कबुली | मृत्युपूर्व जबाब |
|---|---|---|
| कलम | २३ | २६ |
| पोलिसाने नोंदवल्यास | आरोपीविरुद्ध ग्राह्य नाही | ग्राह्य |
| मर्यादा | सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य | जखमी वाचला तर हा दर्जा जातो |

समजा आरोपी म्हणाला, ‘मीच मारलं, चाकू विहिरीत टाकलाय.’ चाकू सापडला, तर विहिरीची माहिती पुरावा होते. ‘मीच मारलं’ मात्र वगळलं जातं. कारण कोठडीतली कबुली मारहाणीतूनही येऊ शकते. खरंच कबूल करायचं असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे करता येतं.

मेलेला माणूस मात्र साक्षीला येऊ शकत नाही, म्हणून त्याचा जबाब घेतात. नागपूरच्या खुशाल राव खटल्यात जखमीने डॉक्टर, फौजदार आणि मॅजिस्ट्रेट अशा तिघांना जबाब दिले होते. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की विश्वासार्ह मृत्युपूर्व जबाब एकटाही शिक्षेला पुरतो. पण त्याची उलटतपासणी होत नाही, म्हणून जखमी शुद्धीवर होता का, नातेवाइकांनी पढवलं होतं का, हे कोर्टाने कसून बघायलाच हवं.

माझं मत स्पष्ट आहे: कलम २३ ही गुन्हेगाराला दिलेली सूट नाही. उद्या संशयावरून तुमच्या पोराला उचललं, तर तेच त्याला वाचवेल.