भांडण कुत्र्यांचं, चावा आपल्याला

कुत्र्यांची जुंपली की घरातली बाई धावते आणि आपल्या मोत्याचा पट्टा धरते. माझं स्पष्ट मत आहे, हात मध्ये घालूच नये! चवताळलेला कुत्रा मालकीणही ओळखत नाही. तोंडावर बादलीभर पाणी मारा, नाहीतर पाट किंवा खुर्ची मध्ये सरकवा. सुटले की लगेच वेगवेगळे कोंडा, नाहीतर पुन्हा भिडतात.

शेजारच्या वहिनींच्या मनगटाला असाच दात लागला. भोक टाचणीएवढं, रक्त थोडंसं. त्यांनी हळद भरली. मी ती काढायला लावली आणि नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं जखम धुतली. दात खोल जातो, वरचं भोक मिटतं, घाण आत राहते. म्हणून हळद-चुना नको, घट्ट पट्टीही नको. रक्त आलं होतं, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात रेबीजची लस आणि जखमेतलं इम्युनोग्लोब्युलिन घेतलं. धनुर्वाताचंही विचारलं. लसीचा एकही डोस चुकवायचा नाही.

आणि मोत्या? केसांखालची भोकं दिसतच नाहीत, दोन-तीन दिवसांनी गळू होतं. तेव्हा केस बाजूला करून अंग चाचपा, आणि लस झालेली असली तरी त्यालाही लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.