विंगेतल्या मुलांचे गुण

शालेय नाट्यस्पर्धेत परीक्षकाच्या हातात जो कागद देतात, त्यावर बहुतेक वेळा चार रकाने असतात. संहिता, अभिनय, दिग्दर्शन आणि रंगमंच व्यवस्था. कागद वाजवी दिसतो, पण वर्षानुवर्षं तो भरल्यावर माझं मत असं झालं आहे की या चारांतल्या निदान दोन रकान्यांत आपण मुलांना नाही, तर शाळेनं पैसे देऊन बोलावलेल्या मोठ्या माणसाला गुण देतो. आणि जो चौथा रकाना खऱ्या अर्थानं मुलांचा होऊ शकला असता, त्यात आपण काहीच पाहत नाही.

एक प्रसंग सांगते. शाळांची नावं घेत नाही, कारण दोष शाळांचा कमी आणि आम्हा परीक्षकांचा जास्त होता. दिवसभरात अकरा नाटकं होती. संहितेला 25, अभिनयाला 30, दिग्दर्शनाला 25 आणि रंगमंच व्यवस्थेला 20 गुण. एका शाळेचं नाटक गावच्या विहिरीवर होतं. रंगीत प्रकाश, ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीत, शेवटी पाऊस. सगळं घड्याळासारखं. दुसऱ्या शाळेचं नाटक मुलांनीच लिहिलेलं. शाळेत विजेची घंटा येते आणि जुना लोखंडी टोल भंगारात निघतो, एवढीच गोष्ट. या नाटकात एक गडबड झाली. शिपाईकाका टोल द्यायला हात उचलतात आणि त्याच क्षणी विंगेतून ठोका पडायला हवा, तो पडलाच नाही. दोन-तीन सेकंद शांतता. मग काका झालेला मुलगा म्हणाला, "आज टोललापण सर्दी झालीय वाटतं." लोक हसले, आणि हसू ओसरायच्या आत आतून ठोका आला, जरा पातळ, पण आला.

माझ्या दोन्ही सहपरीक्षकांनी या नाटकाला रंगमंच व्यवस्थेत 20 पैकी 11 गुण दिले. विहिरीच्या नाटकाला 16. बाकीच्या नऊ नाटकांचे आकडे नंतर पाहिले, ते सगळे 14 ते 16 मध्ये होते. इथेच खरी मेख आहे. रकाना कागदावर वीस गुणांचा, पण सगळ्यांना त्यात सारखेच गुण मिळत असतील तर तो निकाल ठरवत नाही. निकाल ठरतो जिथे आकडे पसरतात तिथे, म्हणजे अभिनय आणि दिग्दर्शनात. चौथा रकाना त्या दिवशी फक्त एका शाळेला शिक्षा करण्यापुरता उपयोगी पडला.

दोन नाटकांच्या मधल्या वेळात मी विंगेत जाऊन उभी राहिले होते, म्हणून मला जे दिसलं ते समोर बसलेल्यांना दिसणं शक्य नव्हतं. विहिरीच्या नाटकाचं नेपथ्य चार मोठ्या माणसांनी लावलं. लॅपटॉपवर सर बसले होते. मुलांना अंधारात हाताला धरून जागेवर उभं केलं जात होतं. घंटेच्या नाटकात विंगेत एकही मोठा माणूस नव्हता. एका टेबलावर कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली होती. डबा, छडी, हजेरीपट, किल्ल्यांचा जुडगा. वस्तू जागेवर नसेल तर रिकामा आकार लगेच डोळ्यांत भरावा म्हणून. आठवीतली एक मुलगी संहितेची वही घेऊन उभी होती, वहीत लाल पेनानं खुणा. ठोका चुकला तो हातोडी टेबलावर नव्हती म्हणून. रिकामा आकार तिनं पाहिला होता, शोधाशोध चालू होती. वेळ आली तेव्हा तिनं स्वतःची स्टीलची पाण्याची बाटली टोलवर हाणली. रंगमंचावरच्या मुलानं तिच्यासाठी वेळ काढला, आणि तिनं तो वाया जाऊ दिला नाही. समन्वय म्हणतात तो याला. काही चुकलंच नाही, तर समन्वय होता की नुसतं नशीब, हे कळायला मार्ग नसतो.

मी घंटेच्या नाटकाला 17 आणि विहिरीला 6 दिले. माझ्या कागदावर ती बेरीज 77 आणि 68 झाली. तिघांची बेरीज केल्यावर विहीर सहा गुणांनी पहिली आली.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते मूर्खपणाचं नाही. परीक्षकानं प्रेक्षागृहात बसून जे दिसतं ते जोखावं, कोणी केलं याची चौकशी करू नये. व्यावसायिक नाटकाला हे अगदी लागू आहे. पण शालेय स्पर्धेचा प्रवेश अर्ज मुलांच्या नावानं भरलेला असतो. पुरुषोत्तम करंडकात महाविद्यालयांसाठी लेखन, अभिनय, दिग्दर्शन यांवर भर आणि तांत्रिक झगमगाटाला महत्त्व नाही, हे धोरण शहाणपणाचं आहे. पैसेवाल्यानं नेपथ्य विकत आणून जिंकू नये, हा त्यातला अर्थ. शाळांच्या स्पर्धांनी यातला झगमगाट तेवढा ठेवला आणि शहाणपण सोडलं. तिथे दिग्दर्शनच विकत आणलेलं असतं.

ते ओळखणं अवघड नसतं. पाच वेगवेगळी मुलं रागावताना उजवा हात एकाच उंचीवर नेतात, तेव्हा तो हात बसवणाऱ्या सरांचा असतो. वाक्य एका श्वासात मावत नसेल आणि मूल मधेच चुकीच्या शब्दावर थांबत असेल, तर ते वाक्य त्याच्या तोंडासाठी लिहिलेलं नाही. अभिनयात तर मी बोलणाऱ्या मुलाकडे कमीच बघते. गप्प उभ्या मुलाचे डोळे बोलणाऱ्यावर आहेत की तिसऱ्या रांगेतल्या आईवर, ते बघते. याच गावात शिक्षकी केलेल्या दिवाकरांची नाट्यछटा शाळेत करून घेतात ती का, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. समोर नसलेल्या माणसाचं ऐकून दाखवावं लागतं, म्हणून.

विंगेचं मूल्यमापन करायचं तर तीनपैकी एका परीक्षकानं नाटकभर विंगेत बसावं, आळीपाळीनं. तिसऱ्या घंटेनंतर आत मोठं माणूस नको. अपवाद विजेचा, दिवे टांगणं आणि जोडण्या हे मुलांच्या हाती देऊच नये. पण डिमरवाल्या काकांना "आता" म्हणणारं मूल असू शकतं. पडदा पडल्यावर वही धरणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: तिसरा अंधार कोणत्या वाक्यावर? ज्यानं काम केलंय तो वाक्य पुरं करून सांगतो. ज्याला नुसतं उभं केलंय तो सरांकडे बघतो. अंधार किती सेकंदांचा होता हे मोजावं, पण त्याआधी अंधारात काय हलवलं ते बघावं. तीन बाकं आणि एक फळा दहा सेकंदांत गेला तर उत्तम, नुसती खुर्ची दहा सेकंदांत गेली तर नाही.

आणि जिथे द्यायला काही नसेल तिथे बक्षीस राखून ठेवावं. 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही तेव्हा केवढा वाद झाला. लहान मुलांच्या बाबतीत पूर्ण करंडक राखणं मला क्रूर वाटतं. पण मुलांचा हात न लागलेल्या दिग्दर्शनाचं बक्षीस राखलं, तर एकाही मुलाचं काही जात नाही.

त्या संध्याकाळी अभिनयाची सहा प्रशस्तिपत्रं वाटली गेली. वही धरणाऱ्या मुलीसाठी रकानाच नव्हता. निघताना ती सामान मोजत होती. हातोडी सापडली का विचारलं, तर म्हणाली, विहिरीवाल्यांच्या पेटीत गेली होती, त्यांच्या माणसांनी टेबल आवरलं तेव्हा.