मांजराच्या लघवीचा जुना वास आणि अमोनियाचा चुकीचा सल्ला



मांजराच्या लघवीचा मुरलेला वास घालवण्यासाठी अमोनियायुक्त क्लीनर वापरण्याचा सल्ला सोडून द्यावा असाच आहे. कारण लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होताना सुटणारा वायू अमोनियाच असतो आणि त्याच वासाने पुसलेली जागा मांजराला पुन्हा लघवीची वाटण्याचा संभव असतो. दुर्गंधाची चिवट मुळे वेगळीच आहेत. युरिक आम्लाचे क्षार पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि वाळल्यावर कापसात किंवा फरशीच्या सांध्यांत स्फटिकरूपाने रुतून बसतात. शिवाय फेलिनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल, जे खच्ची न केलेल्या बोक्याच्या लघवीत विशेष असते, कालांतराने विघटित होऊन उग्र वासाची द्रव्ये देते. उन्हाळ्यात गेलेला वाटणारा वास पावसाळ्याच्या दमट हवेत परत येतो, तो यामुळेच.

एन्झाइम, म्हणजे रासायनिक विघटन घडवून आणणारी प्रथिने, या द्रव्यांचे तुकडे करतात; मात्र त्यांचे काम ओलाव्यातच चालते, आणि एन्झाइम असलेले क्लीनर निरुपयोगी ठरवणारे बहुतेक जण ते फवारून लगेच पुसून टाकतात. कापसाच्या गादीचे उदाहरण घेतल्यास, वरचा डाग लहान दिसला तरी लघवी आत अधिक पसरलेली असते, म्हणून अंधारात अतिनील टॉर्चने त्याची कड शोधावी. पूर्वी फिनेल वा अन्य जंतुनाशक लावलेले असल्यास ते एन्झाइमला निकामी करू शकते. तेव्हा आधी साध्या थंड पाण्याने ती जागा भिजवून कोरड्या कापडाने टिपून घ्यावी. त्यानंतर लघवी जितकी खोल गेली असेल तितका क्लीनर मुरू द्यावा, वर प्लॅस्टिक अंथरून बाटलीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत, जुन्या डागासाठी रात्रभरही, ती जागा ओली ठेवावी आणि मग वाऱ्यावर पूर्ण वाळवावी. ओली असताना वास वाढल्यासारखा वाटतो, त्यामुळे निष्कर्ष वाळल्यावरच काढावा. वास उरल्यास हीच क्रिया पुन्हा करावी लागते. लघवी थेट तळापर्यंत उतरली असल्यास मात्र कापूस बदलणेच बरे.

फरशीच्या बाबतीत पृष्ठभागापेक्षा सांधे महत्त्वाचे, कारण तेथील सिमेंट लघवी शोषून घेते. संगमरवर व कोटा या दगडांवर व्हिनेगर वापरू नये, त्यातील आम्लाने चकाकी जाते. ब्लीच आणि अमोनिया तर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून क्लोरामाइन हे फुफ्फुसांना घातक वायू निर्माण होतात. मुरलेल्या लघवीतही अमोनिया असल्याने तिच्यावर ब्लीच ओतणे धोक्याचेच.

घरगुती सल्ल्यांच्या सदरांतून अमोनियाची शिफारस वगळली जावी, आणि एन्झाइम क्लीनर किती वेळ ओला ठेवायचा हे उत्पादकांनी बाटलीवर मराठीतही ठळकपणे छापावे, ही विनंती.

— एक वाचक