मुहूर्तापासून मागे मोजा

लग्नाच्या कामांची यादी सगळेच करतात. पुतणीचं लग्न डिसेंबरात साताऱ्याला ठरलं, तेव्हा दादाने जूनमध्येच ८६ कामांची यादी मला भटिंड्याला पाठवली. यादी चांगली होती, पण कोणतं काम कधीपर्यंत आणि त्याचे पैसे कधी, हे तिच्यात नव्हतं. माझ्या मते लग्नाची सगळी सूत्रं या दोन रकान्यांत असतात.

फौजेत एच-अवर ठरला की तिथून मागे मोजत येतात. लग्नात मुहूर्त हाच एच-अवर, आणि तो हलवणं जनरलच्याही हातात नाही! पत्रिकेचंच बघा. गावोगावी जाऊन पत्रिका द्यायला चार आठवडे, छपाईला एक, आणि दोन्ही घरच्या थोरांची नावं कोणत्या क्रमाने घालायची हे मिटायला दोन. म्हणजे मजकूर मुहूर्ताच्या सात आठवडे आधी तयार हवा. दादाच्या यादीत नुसतं 'पत्रिका' लिहिलं होतं.

आता पैसे. कार्यालयवाला आपल्यासाठी तारीख अडवून ठेवतो, त्याने आगाऊ मागणं रास्त आहे. केटररने मात्र बुकिंगलाच निम्मे मागितले. आम्ही हप्ते कामाला बांधले. बुकिंगला १० टक्के, आठवडाभर आधी ताटांचा आकडा पक्का केल्यावर ५०, कारण तेव्हा त्याला किराणा भरायचा असतो, आणि उरलेले ४० पंगती उठल्यावर. आमंत्रणं ४५० होती. हमी आम्ही ४०० ताटांची दिली, कारण हमीपेक्षा कमी जेवले तरी पैसे हमीचेच द्यावे लागतात. वरची ४० ताटं त्याच दराने, हे कागदावर घेतलं. जेवणाआधी आणि नंतर कोरी ताटं त्याच्या माणसाने आणि आमच्या भाच्याने मिळून मोजली. ४३१ भरली. वाद झाला नाही.

हप्त्यांचा दुसरा उपयोग दूर बसलेल्या माणसाला. ऑक्टोबरात मांडववाल्याने दुसरा हप्ता मागितला, पण तो जागेचं माप घेतल्यावर द्यायचा होता. माप झालेलंच नव्हतं, हे मला भटिंड्यात बसून त्या मागणीवरून कळलं. दादाला म्हटलं, "थांब, देऊ नकोस." दोन दिवसांत मांडववाला टेप घेऊन हजर.

फुलवाला, वाजंत्री, आचाऱ्याच्या हाताखालच्या बायका यांना हा हिशेब लावू नये. त्यांचे पैसे त्याच दिवशी, रोख, हातात. त्यांचं घर त्या दिवसाच्या कमाईवर चालतं.

फोटोग्राफरचे ३० टक्के मात्र अल्बम आल्यावरच. आमच्या एका सुभेदार साहेबांनी मुलाच्या लग्नात सगळे पैसे मांडवातच चुकते केले, आणि अल्बम आला तो नातवाच्या बारशाला. आमचाही अजून यायचा आहे. पाकीट दादाच्या कपाटात आहे, आणि फोटोग्राफरचा फोन दर रविवारी येतो.